एक वाजताची डाळ

माझे बाबा फोटोग्राफर. आता स्टुडिओ नाही, कॅमेरे ट्रंकेत गेले, तरी गल्लीत त्यांना अजून फोटोमास्तरच म्हणतात. चाळीस वर्षं लोकांना "हनुवटी जरा वर, हां, हलू नका" असं सांगण्यात गेली. त्यामुळे घरीही त्यांची तीच सवय. आपण काही सांगायला जावं, तर हे आपल्याकडे मान तिरकी करून बघणार आणि म्हणणार, "खिडकीपासून बाजूला हो, चेहऱ्यावर उजेड नीट पडत नाही." मग माणसानं काय बोलायचं?

मी हॉस्पिटलात नर्स आहे. वॉर्डात माझा दरारा आहे असं म्हणतात, आणि मी ते नाकारत नाही. पण बाबांपुढे माझी डाळ शिजत नाही. त्या रविवारी तर अक्षरशः शिजली नाही, तेच सांगते आहे.

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. बाबा तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहतात आणि वर मोकळी गच्ची आहे. आई गेल्यावर ते स्वतः स्वयंपाक करायला लागले, आणि ते आम्हाला कौतुकाचं वाटत होतं. मग एकदा दूध जळालं. जाऊ दे म्हटलं, कुणाचं जळत नाही? नंतर एकदा भाताचं भांडं जळून काळं ठिक्कर पडलं आणि हे शेजारच्या खोलीत जुने फोटो चिकटवत बसलेले. आणि मग तो दिवस आला. वाऱ्यानं शेगडी विझली, गॅस चालूच राहिला आणि बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते. खालच्या इस्त्रीवाल्या मावशींना जिन्यात वास आला म्हणून बरं. त्या धावत वर गेल्या, शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, आणि मला फोन केला.

दुसऱ्याच दिवशी माझा भाऊ आला आणि सिलिंडर उचलून घेऊन गेला. आम्ही त्याला दादा म्हणतो. मोठ्या गोदामाचा व्यवस्थापक आहे, सगळं जग त्याला रांगेत लावलेल्या खोक्यांसारखं दिसतं. त्याने त्याच दिवशी ठरवून टाकलं, "बाबा आता माझ्याकडे." मीही म्हटलं, बरोबर आहे. पण बाबा जागचे हलले नाहीत. आठवडाभर दादाकडून डबा आला. मग बाबांनी कुणाकडून तरी जुना सौरकुकर मिळवला.

सौरकुकर म्हणजे एक पेटी. बाहेरून फायबरची, आत काळा पत्रा, मध्ये उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून भरलेलं काहीतरी, वर दुहेरी काचेचं झाकण. त्याच्याही वर मागच्या कडेला बिजागरीवर एक मोठा आरसा. आत चार गोल डबे बसतात, झाकणासकट. काळेकुट्ट. बाबांना ही पेटी मिळाली आणि त्यांची स्वारी एकदम खुलली. आरसा आणि ऊन! त्यांच्या आयुष्यभराचा धंदाच तो. तासन्‌तास गच्चीवर बसून ते त्या आरशाशी खेळत असत, आणि आम्हाला वाटायचं म्हातारा वेडा झालाय.

थंडीचे दिवस आले तेव्हा दादानं विषय पुन्हा काढला. म्हणाला, "बाबा, दिवस लहान आहेत, ऊन तिरपं आहे, तुमची पेटी आता काही शिजवणार नाही. आमच्याकडे चला." बाबा म्हणाले, "रविवारी जेवायला या. साधंच, भात-डाळ. दुपारी एकला ताट वाढलेलं नसेल, तर बॅग भरून तुमच्यामागे येतो. वाढलेलं असेल, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

दादाला हसू आलं. फोनवर मला म्हणाला, "थंडीत, उन्हावर, तुरीची डाळ! संपलं म्हण." त्यानं स्वतःच्या घरची आतली खोली रिकामी करून घेतली आणि टेम्पोवाल्याशी बोलूनही ठेवलं. खरं सांगते, माझ्या मनात बाबांनी हरावं असंच होतं. गॅसचा तो वास मी घेतला नव्हता, पण रात्री डोळे मिटले की तोच यायचा.

त्या शनिवारी मला रात्रपाळी होती. सकाळी सात वाजता सुटले ती थेट बाबांकडे. दारावर चिठ्ठी होती, "भाजी आणायला गेलोय, चहा थर्मासमध्ये." माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. ओट्यावर एका वाडग्यात डाळ भिजलेली, दुसऱ्यात तांदूळ मोजून ठेवलेले. सिंकजवळ पालथे घातलेले ते चार डबे. मी चहा प्यायले आणि नजर त्या डब्यांवर गेली. बाहेरून खरखरीत, काळेकुट्ट, मधूनमधून पोपडे सुटलेले. अगं बाई, म्हटलं, इतक्या महिन्यांत या माणसानं एकदाही डबे घासले नाहीत! वॉर्डात असं भांडं दिसलं असतं तर मी आयाबाईची शाळा घेतली असती.

झालं. पदर खोचला, तारेची घासणी घेतली, पावडर घेतली आणि बसले. पाऊण तास घासत होते. हात दुखायला लागले, पण काळं निघालं. चारही डबे आणि चारही झाकणं चांदीसारखी लखलखीत. ओट्यावर ओळीनं मांडून मी दोन पावलं मागे गेले आणि स्वतःवरच खूश झाले.

पावणेनऊला बाबा आले. हातात पिशवी. त्यांनी डब्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पिशवी हळूच खाली ठेवली.

"छान घासलेस गं सिस्टर," ते म्हणाले. लाडात आले की ते मला सिस्टर म्हणतात. "चेहरा दिसतोय त्यात."

"मग! किती मळले होते!"

"मळ नव्हता तो. रंग होता. काळा रंग." त्यांनी एक झाकण उचलून उन्हाच्या तिरिपेत धरलं. भिंतीवर लख्ख कवडसा पडला. "हे बघ. ऊन आलं तसंच परत चाललं. काळ्यावर पडलं की मुरतं, गरम होतं. चकचकीतावर पडलं की ते कशाला थांबेल?"

मला एकदम चटका लागल्यासारखं झालं. मी जिंकणार होते, आणि तेही अशी! बाबांनी हरावं असं मनात होतं हे खरं, पण माझ्या हातानं, घासणीनं? मला रडूच आलं. "बाबा, मला माहीत नव्हतं हो. मी दादाला फोन करते. पैज पुढच्या रविवारी करू."

"काही नको. पैज आजची आहे." ते आतल्या खोलीत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात एक मोठं काळं कापड होतं, दाट सुती. जुन्या उभ्या कॅमेऱ्याच्या मागे डोक्यावर घ्यायचं कापड. त्याच्याखाली उभे राहून त्यांनी अर्ध्या गावाची लग्नं टिपली. त्यांनी कात्री माझ्या हातात दिली.

"काप. डाळ-भाताला दोनच डबे. झाकणाच्या मापाचे दोन गोल. आणि डब्यांभोवती गुंडाळायला दोन पट्ट्या."

"बाबा, हे कापड..."

"त्याच्याखाली आता कोण डोकं घालणार आहे? काप, नऊ वाजत आले."

मी कापलं. पट्ट्या सरळ कापल्या, बँडेजची सवय आहे. डब्यांना कापड घट्ट चिकटून बसलं पाहिजे, मध्ये हवा राहिली तर उष्णता आत पोचत नाही, हे बाबा पुन्हा पुन्हा सांगत होते. दोऱ्यानं आवळून बांधलं. बाबा म्हणाले, "रंगाइतकं होणार नाही. पण बघू."

तोवर पेटी त्यांनी गच्चीवर मांडलीच होती. रिकामीच तापत होती, कारण थंड पेटीत डबे ठेवले की पहिला तास वायाच जातो. मागच्या बाजूखाली त्यांनी अर्धी वीट घातली होती. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "हिवाळ्यात सूर्य डोक्यावर येतच नाही, आडवा बघतो. मग काच थोडी त्याच्याकडे तोंड करून नको का?" पेटीच्या कडेला एक पेन्सिल उभी बसवली होती. तिची सावली पेटीच्या बाजूला समांतर, सरळ मागे पडली की समजायचं, पेटीचं तोंड बरोबर सूर्याकडे आहे.

मग आरसा. हे काम त्यांनी कुणालाच करू दिलं नसतं. सकाळचं ऊन खाली असतं म्हणून आरसा उभ्यापेक्षाही जरा पुढे झुकवायचा, जणू काचेत वाकून बघतोय. सूर्य वर चढेल तसा तो मागे न्यायचा. कवडसा पेटीच्या पुढे जमिनीवर सांडायला लागला तर आरसा जास्त मागे गेला, पुढे ओढायचा. कवडसा काचेच्या मध्यावरच थांबला, तर मागे ढकलायचा. "अख्खी काच भरली पाहिजे," बाबा म्हणाले, "चेहऱ्यावर भरतो तसा उजेड." आणि त्यांनी बोटाच्या एका टोकानं आरसा असा काही हलवला की उजेड काचेच्या पुढच्या कडेला येऊन बरोबर थांबला. माझ्या लहानपणी मला स्टुलावर बसवून ते असंच करायचे.

पावणेदहाला डबे आत गेले. डाळीत हळद, मीठ, लसूण, चमचाभर तेल, आणि शेगडीवर घालतो त्याहून थोडं कमी पाणी, कारण इथे वाफ फारशी बाहेर जात नाही. दुसऱ्या डब्यात भात. काच बंद. "आता एकपर्यंत उघडायची नाही," बाबा म्हणाले. "एकदा उघडली की पंधरा मिनिटं गेली. शिजलं का बघायला उघडतात म्हणूनच लोकांचं शिजत नाही."

एरवी उन्हाळ्यात दोन तासांत डाळ होते म्हणे. थंडीत तीन. म्हणजे पावणेएक. हातात अवघी पंधरा मिनिटं, आणि डब्यांवर रंगाऐवजी चिंध्या. माझा जीव टांगणीला लागला होता. बाबा मात्र दर वीस-पंचवीस मिनिटांनी पेटी जराशी वळवत होते, तीसुद्धा सूर्याच्या थोडी पुढे, म्हणजे सूर्य तिथपर्यंत येईल. घड्याळ बघत नव्हते. पेन्सिलीची सावली बघून उठत होते. अकराच्या सुमारास काचेच्या आत वाफेचे थेंब दिसले, तेव्हा मी आनंदानं टाळीच वाजवली.

त्याच वेळी दादा आला. हातात दोन रिकाम्या बॅगा! मला इतका राग आला. "अरे, जेवायच्या आधीच बॅगा?" म्हटलं. तो म्हणाला, "नंतर धावपळ नको." बाबा हसले आणि म्हणाले, "ठेव कोपऱ्यात, उन्हात नको, सावली पडेल."

साडेअकरापर्यंत माझे डोळे मिटायला लागले. रात्रभर जागी होते. बाबांनीच दटावलं, "जा, आत पड जरा. एकला उठवतो." मी आत गेले आणि पडल्या पडल्या झोपले. पुढचं मला नंतर कळलं, तेही तिघांकडून तीन तऱ्हांनी, पण गोष्ट एकच होती.

पावणेबाराला बाबांना आठवलं, लिंबं आणली नाहीत. ते दादाला म्हणाले, "मी खाली जाऊन येतो. पंधरा मिनिटांत ती पाण्याच्या टाकीची सावली इथवर येईल. त्याच्या आधी पेटी दोन हात इकडे सरकव आणि पेन्सिलीची सावली सरळ कर. एवढंच." दादा म्हणाला, "हो हो बाबा, गोदाम चालवतो मी." बाबा गेले. खाली इस्त्रीवाल्या मावशींनी नातवाचा फोटो काढून द्यायचं काम काढलं, मोबाईलवरच, पण फोटोमास्तर म्हटल्यावर त्यांना पोराला अंगणात उजेडात बसवल्याशिवाय राहवेना. इकडे दादाला गोदामातून फोन आला. कुठलासा ट्रक चुकीच्या दारात लागला होता. दादा कठड्याशी उभा राहून ओरडत होता, फेऱ्या मारत होता, हातवारे करत होता.

साडेबाराला बाबा लिंबं घेऊन वर आले, तेव्हा अख्खी पेटी टाकीच्या सावलीत होती. काच हाताला गार लागत होती. दादा अजून फोनवर. बाबांनी लिंबं खिशात टाकली, पेटी ओढून उन्हात घेतली, वळवली, आरसा लावला. आता सूर्य वर आला होता, आरसा जवळजवळ उभा करावा लागला. दादाला ते एक शब्दही बोलले नाहीत. दादाने फोन बंद केला आणि म्हणाला, "काय, झालं का?"

एक वाजता बाबांनी मला उठवलं. चटईवर तीन ताटं मांडली होती, चिरलेला कांदा, लिंबाच्या फोडी. बाबांनी कापडानं धरून काच उचलली. वाफेचा भपकारा आला. भाताचा डबा उघडला, आणि काय सांगू, एकेक शीत सुटं, पांढरं शुभ्र, वर चढून आलेलं. मी दादाकडे पाहिलं. मग डाळ. बाबांनी चमच्यावर दोन दाणे घेतले, चिमटीत दाबले. दाबले गेले, पण मध्ये कणी होती.

"कच्ची आहे," बाबा म्हणाले. साधंच म्हणाले. झाकण ठेवलं, काच लावली. "हरलो. टेम्पोवाल्याला सांग. पण डाळ होऊ दे, मग निघू. आता टाकून कशाला द्यायची?"

दादा म्हणाला, "बघा, मी म्हटलंच होतं ना बाबा." आणि तो खरंच कोपऱ्यातली बॅग उघडायला लागला!

माझा पारा चढला. रात्रभर वॉर्डात जागलेली बाई, वर झोपमोड, आणि हा बॅगेची चेन ओढतोय. "थांब!" मी अशी ओरडले की खालचं कुत्रं भुंकायला लागलं. "बाबा कसले हरले? सकाळी डबे मी घासले. सगळा काळा रंग मी काढला, माझ्या या हातांनी! बाबांनी कापडं बांधून निभावलं. तरी भात झालाच की! डाळ का नाही झाली, हे मला ठाऊक नाही. पेटीपाशी कोण होतं रे?"

दादाचा चेहरा उतरला. त्याने टाकीकडे पाहिलं, सावलीकडे पाहिलं, पेटी कुठे होती आणि आता कुठे आहे ते पाहिलं. "मी होतो," तो म्हणाला. "मी विसरलो."

"किती वेळ?"

"अर्धा तास. जास्तच." तो खाली बसला. एवढा मोठा माणूस, गोदामाचा मालक असल्यासारखा वागणारा, चटईवर लहान मुलासारखा बसला. "एवढंच सांगितलं होतं बाबांनी. तेवढंही नाही झालं माझ्याच्यानं."

बाबा पेटीजवळ गेले. सावली बघितली, पेटी बोटभर वळवली. आमच्याकडे पाठ होती.

"मला तुम्ही विसरभोळा म्हणता ते बरोबरच आहे," ते म्हणाले. "मी विसरतो. उद्याही विसरेन. त्या दिवशी त्या मावशी वर आल्या नसत्या तर मी गेलो असतो, आणि माझ्याबरोबर खालची पोरंही गेली असती. ते मला रोज आठवतं. तुम्हाला वाटलं मी हट्टानं ही पेटी आणली. अरे, मी घाबरून आणली." ते वळले. डोळ्यांवर ऊन होतं म्हणून हात आडवा धरला होता. "इथे आज तू विसरलास. काय झालं? डाळ कच्ची राहिली. कुणी मेलं का? नाही ना? मग मला इथेच विसरू दे की रे."

दादा उठला, बाबांच्या शेजारी जाऊन उन्हात उकिडवा बसला, आणि बराच वेळ पेन्सिलीच्या सावलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आता किती वळवायची?"

"नको, अजून नको," बाबा म्हणाले. "दहा मिनिटांनी."

बरोबर दहा मिनिटांनी दादानं पेटी वळवली. स्वतःहून. पुन्हा पंधरा मिनिटांनी वळवली. फोन वाजला, तो त्यानं घेतला नाही. पावणेदोनला बाबांनी काच उचलली. डाळ मऊ लोण्यासारखी झाली होती. आम्ही गच्चीवरच बसून जेवलो, लिंबू पिळून, कांदा तोंडी लावून. दादानं तीनदा भात घेतला. खाता खाता तो म्हणाला, "बाबा, मी टेम्पोवाल्याला नाही म्हणून कळवतो," आणि तोंडात घास तसाच ठेवून त्यानं फोन लावला.

बाबांनी दादाच्या पानात अजून एक पळी डाळ वाढली आणि त्याची हनुवटी दोन बोटांनी जराशी वर केली.